डिशच्या माथ्यावरचे 6 मिलिमीटर

[दृश्य: पडद्यावर उभ्या टाकीचा उभा छेद. वर-खाली फुगीर डिश, बाजूला एक नॉझल.]

आतला व्यास 1200 मिलिमीटर. आतला दाब दीड मेगापास्कल, म्हणजे साधारण 15 बार. दोन्ही टोकांना 2:1 प्रमाणाच्या लंबवर्तुळाकार डिश. ड्रॉइंगवर जाडी लिहिली आहे 12. पण संगणकातल्या मॉडेलमध्ये माथ्यावर मोजली, तर भरते फक्त 6.

ही चूक कशी होते, त्याआधी हे 12 आले कुठून ते पाहू.

दाब आतून ढकलतो, तेव्हा दंडगोल लांबीपेक्षा परिघात जास्त ताणला जातो, दुप्पट. फाटलाच तर तो उभा फाटतो. म्हणून शेलची, म्हणजे या दंडगोल भिंतीची, जाडी त्याच ताणावर ठरवतात. एएसएमई या अमेरिकन अभियंता-संस्थेच्या दाबपात्र संहितेतल्या सेक्शन 8 मधलं सूत्र असं:

```
t = P·R / (S·E − 0.6·P)
```

P म्हणजे दाब, R आतली त्रिज्या, S धातूचा अनुज्ञेय ताण. E म्हणजे वेल्डवर किती भरवसा ठेवायचा त्याचा आकडा. आपल्या प्लेटसाठी S धरू 138 मेगापास्कल. वेल्डची एक्स-रे तपासणी ठरावीक जागीच होणार, म्हणून E 0.85. गंजासाठी 3 मिलिमीटर राखून ठेवलेत, आणि इथे पुष्कळजण घसरतात. गंज लागला की आतली त्रिज्या वाढते, म्हणून R 600 नव्हे, 603 घ्यायचा.

[दृश्य: आकडे एकेक करून सूत्रात भरले जातात.]

उत्तर 7.77. त्यात गंजाचे 3 मिळवले की 10.77. बाजारात मिळणारी पुढची सोयीची प्लेट 12 ची.

डिशचं सूत्र वेगळं आहे. 2:1 लंबवर्तुळासाठी `P·D / (2·S·E − 0.2·P)`. D म्हणजे गंज लागल्यानंतरचा आतला व्यास, 1206. डिश अखंड प्लेटची, तिच्यात जोड नाही, म्हणून इथे E एक धरला. गंजासह 9.56 पुरतात. याच दाबाला कडेची वळणत्रिज्या माथ्याच्या त्रिज्येच्या 6 टक्केच असलेली उथळ टोरीस्फेरिकल डिश घेतली असती, तर साधारण 14.6 लागले असते. काटकोनाच्या जवळ जाणारं वळण महाग पडतं, इतकंच.

[दृश्य: स्केचमध्ये आतली रेषा, मग बाहेरची.]

आता मॉडेल. अर्धा छेद काढून अक्षाभोवती फिरवायचा. आतलं लंबवर्तुळ: अर्धा व्यास 600, खोली 300. बरोबर. मग बाहेरची रेषा काढताना हात सहज तेच प्रमाण उचलतो: 612 ला 306. दिसायला देखणं. पण कडेला 612 वजा 600 म्हणजे 12, आणि माथ्यावर 306 वजा 300, फक्त 6!

माथ्याची वक्रता त्रिज्या 1200 आहे. तिथला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले दुप्पट जाडी. 12 ला तो 75 मेगापास्कल, 6 ला 150. अनुज्ञेय 138 च्या वर, आणि हे गंज लागायच्या आधी.

उपाय सोपा. आतलीच रेषा 12 ने ऑफसेट करायची, म्हणजे सगळीकडे सारख्याच अंतराने बाहेर सरकवायची. ऑफसेट केलेलं लंबवर्तुळ हे लंबवर्तुळ राहत नाही, आणि राहायलाही नको. शंका असेल तर छेद काढून माथ्यावर आणि कडेच्या वळणावर जाडी मोजा. वजनही बोलतं: ते अपेक्षेपेक्षा कमी आलं, तर माथा पातळ आहे असं समजा.

[दृश्य: शेलला भोक पडतं, नॉझल बसतं.]

शेलवर 200 चं भोक पाडलं की तेवढा धातू गेला. तो जवळपासच भरून द्यावा लागतो. गंजानंतर भोक 206. भोक वेल्डवर नसल्याने तिथे E एक धरता येतो, आणि लागणारी जाडी 6.6 निघते. म्हणजे 206 गुणिले 6.6, साधारण 1360 चौरस मिलिमीटर धातू द्यायचा.

शेलमध्ये गंजानंतर 9 उरतात, त्यातले 2.4 जादा. त्यातून मिळतात 495. नॉझलची भिंत 10 ची असेल, तर तिच्याकडून आणखी दोनशेच्या आसपास. उरलेले साडेसहाशे चौरस मिलिमीटर पॅडने, म्हणजे भोकाभोवती जोडलेल्या प्लेटच्या कड्याने, द्यायचे. नॉझलचा बाहेरचा व्यास 220. 12 जाडीचा, 320 व्यासाचा पॅड लावला तर 100 गुणिले 12, म्हणजे 1200. भरपूर झाले.

मॉडेलमध्ये मात्र एक खोडी राहते. नॉझल जोडून झालं, पॅड दिसला, आणि आत शेलची चकती तशीच शिल्लक. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून आतलं भोक सगळं जोडून झाल्यावर, शेवटी आरपार कापावं.

[दृश्य: तयार डिशच्या वळणावर जाडी मोजणारं यंत्र टेकवलं जातं.]

प्रत्यक्षात डिश दाबून घडवताना प्लेट ताणली जाते आणि काही जागी पातळ होते. 12 ची प्लेट वळणाशी 10.5 भरली तरी चालेल, कारण हवेत 9.56. पण ड्रॉइंगवर नुसतं 12 लिहिलं, तर तो आकडा घडवण्याआधीचा की नंतरचा, हे घडवणाऱ्याला कसं कळणार? म्हणून तिथे लिहायचं: घडवल्यानंतर किमान जाडी 9.6.