मामांची गाडी, भाच्याचा करार

मंडळी, सोलापुरात जुनी गाडी घेण्याचा सर्वांत विश्वासाचा मार्ग म्हणजे घरातलीच गाडी घरात घेणे. मामांनी विकायची, भाच्याने घ्यायची. ती पहिल्यापासून कशी वापरली हे डोळ्यांसमोर असते, मधल्या माणसाचे कमिशन वाचते. हा विश्वास खरा आहे आणि तो गाडी निवडायला उपयोगी पडतो. पण अपघात झाला की न्यायालय आणि विमा कंपनी नाते बघत नाहीत, नोंद बघतात. म्हणून आज एकच व्यवहार नीट उलगडून पाहू.

समजा, जुळे सोलापुरात राहणाऱ्या मामांची 2017 ची पेट्रोल वॅगनआर आहे. किंमत ठरली 3,10,000 रुपये. भाच्याने आज 1,00,000 द्यायचे आणि उरलेले दरमहा 30,000 प्रमाणे सात हप्त्यांत. मामा म्हणतात, "घेऊन जा रे, पैसे फिटले की नावावर करू." सगळा घोळ या एका वाक्यात आहे.

मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्या प्रकरणात गाडी हातोहात विकली गेली होती, ताबा केव्हाच दुसऱ्याकडे गेला होता, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मूळ मालकावर आली. म्हणजे आपल्या उदाहरणात सात महिने गाडी भाचा चालवणार आणि धोका मामांच्या डोक्यावर राहणार. नात्यातल्या व्यवहारात फसतो तो घेणाराच असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जास्त उघडा पडतो तो विकणारा.

आता विमा. तिऱ्हाईताच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप जात नाही. त्यासाठी विक्रीपासून 14 दिवसांत विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आरसी भाच्याच्या नावे आणि पॉलिसी मामांच्या नावे अशा अवस्थेत मोहोळजवळ गाडी ठोकली, तर दुरुस्तीचा दावा नाकारला जाऊ शकतो. आणखी एक बारीक गोष्ट. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, हा मामांचा आहे, गाडीचा नाही. पॉलिसी भाच्याच्या नावावर करताना उरलेल्या मुदतीसाठी तेवढा फरक कंपनी वसूल करते. मामांना पूर्ण 50 टक्के सवलत असेल तर ही रक्कम डोळ्यांत भरते. ती कोण भरणार, हे आधीच ठरवा.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: नाव आधी बदला, हप्ते नंतर फेडा. टीटी फॉर्म, म्हणजे नमुना 29 आणि 30, ताबा देतानाच भरायचे. तारीख आणि घेणाऱ्याचे नाव मोकळे सोडून सही करायची नाही. अशा कोऱ्या सहीवर गाडी तिसऱ्याच्या हातात गेली, तरी नोंदणीत मामाच राहतात. एकाच राज्यातल्या विक्रीची खबर विकणाऱ्याने 14 दिवसांत द्यायची असते, घेणाऱ्याने 30 दिवसांत. मग मामांच्या 2,10,000 चे काय? ते गाडीपासून वेगळे काढा. भाच्याने तेवढ्या रकमेची उधारीची चिठ्ठी लिहून द्यावी आणि सात तारखांचे सात चेक द्यावेत. देवाणघेवाण बँकेतूनच करा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारली तर प्राप्तिकर कायद्याखाली रोख स्वीकारणाऱ्याला, म्हणजे मामांना, तेवढाच दंड होऊ शकतो.

पण नाव बदलण्याआधी आरसी नीट वाचा. मामांनी कर्ज दोन वर्षांपूर्वी फेडले, बँकेने पत्र दिले, ते कपाटात गेले. आरसीवर बँकेचा बोजा मात्र तसाच. कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोजा उतरवायला नमुना 35 आणि बँकेचे ना-हरकत पत्र आरटीओकडे जावे लागते. पत्र जुने झाले असेल तर बँकेतून नवे आणावे लागते, आणि ते खातेदारालाच, म्हणजे मामांनाच आणता येते. इसार देण्यापूर्वी `parivahan.gov.in` वर नंबर टाकून बोजा, विमा आणि नोंदणीची मुदत पाहा. थकलेले चलन `mahatrafficechallan.gov.in` वर दिसते. चेसिस नंबर गाडीच्या पत्र्यावरचा वाचून आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा.

गाडीची तपासणी नात्यात संकोचापोटी राहून जाते. मामा गाडी घेऊन दारात येतात, इंजिन गरम असते, चहा होतो, संपले. तसे करू नका. सकाळी त्यांच्या घरी जा, बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा आणि पहिला स्टार्ट स्वतः मारा. त्याआधी रेडिएटरचे झाकण आणि ऑइल भरायचे झाकण उघडून बघा. गरम इंजिनाचे रेडिएटर उघडले तर वाफेने हात भाजतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरलेले असेल तर आत तपकिरी गाळ आणि पांढरट क्षार दिसतात. हेच रेडिएटर आपल्याकडच्या मे महिन्यात तुंबते आणि इंजिन तापते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी शिरत असावे. हेड गॅसकेटची शंका घ्या आणि मेकॅनिकला दाखवल्याशिवाय किंमत बोलू नका. एसी मात्र भर दुपारी, गाडी जागेवर उभी ठेवून तपासा. सकाळी सगळेच एसी गार वाटतात.

जे सापडेल ते करारात उतरवा. "गाडी जशी आहे तशी" एवढेच लिहून भागत नाही. लिहा: एसी दुपारी कमी गार होतो, मागचे दोन टायर झिजले आहेत, मीटरवर अमुक किलोमीटर, हे पाहून 3,10,000 ठरले. मामांनी तोंडी सांगितलेला दोष सहा महिन्यांनी दोघांना वेगवेगळा आठवतो, आणि मग दिवाळीला बोलणे बंद. त्याच कागदावर ताब्याची तारीख आणि वेळ टाका, तासासह. त्या क्षणापूर्वीची चलने मामांची, नंतरची भाच्याची. आणि मामांचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करायचा; नाहीतर भाचा पुण्याला निघाला की सावळेश्वर नाक्यावर पैसे मामांच्या खात्यातून कापले जातात. दोन प्रती, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. नोटरी केली तरी हरकत नाही, पण नोटरी म्हणजे नाव बदलले असे समजू नका.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की मामाच हयात नसतील आणि मामी गाडी देत असतील तर? तर मामींच्या सहीने टीटी होत नाही, कारण नोंदणीत अजून मामा आहेत. मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवले असेल तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते. त्या मुदतीत नमुना 31 भरून, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे जोडून गाडी आधी मामींच्या नावावर करावी लागते. बाकीच्या वारसांची संमती त्याच वेळी लेखी घ्या. आरसीवर मामींचे नाव आल्यावरच भाच्याने इसार द्यावा.