क्रिएटिनच्या प्रमाणपत्रावरच्या तीन ओळी

नमस्कार श्रोतेहो. मागच्या महिन्यात नागपूरच्या महाल भागातला एक तरुण माझ्याकडे व्यायाम करणारे घेतात त्या क्रिएटिन पावडरचा एक किलोचा पाऊच आणि विक्रेत्याने मोबाइलवर पाठवलेले तपासणी प्रमाणपत्र घेऊन आला. माझी हयात रसायनांच्या विश्लेषणात गेली असल्यामुळे त्याची अपेक्षा एवढीच होती की, मी कागद पाहून "चांगले आहे" असे सांगावे. कागदावर तीनच ओळी होत्या : शुद्धता ९९.९ टक्के, वाळवल्यावर घटणारे वजन ११.९ टक्के, जड धातू १० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत दहा भागांपेक्षा कमी.

मधली ओळ निरुपद्रवी आहे. क्रिएटिन मोनोहायड्रेटच्या स्फटिकात सुमारे १२ टक्के पाणी असतेच, ते वाळवताना निघून जाते. अडचण पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत आहे.

क्रिएटिन कारखान्यात तयार होते ते सार्कोसिनचा सोडियम क्षार आणि सायनामाइड यांच्या अभिक्रियेतून. अभिक्रियेचे तापमान आणि आम्लता नीट सांभाळली नाही, तर सायनामाइडचे दोन रेणू सार्कोसिनकडे न जाता एकमेकांनाच जोडले जातात आणि डायसायनडायअमाइड तयार होते. थंड पाण्यात ते क्रिएटिनपेक्षा जास्त विरघळत असल्यामुळे स्फटिक नीट धुतले आणि गरज पडल्यास पुन्हा स्फटिकीकरण केले की त्याचा बहुतांश भाग निघून जातो. मात्र प्रत्येक धुण्यात थोडे क्रिएटिनही वाहून जाते आणि स्वस्त मालाचा उत्पादक नेमके तेच वाचवतो. डायसायनडायअमाइड स्वतः फार जहाल विष नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. माझ्या दृष्टीने ते हलगर्जीपणाची खूण आहे : ते जास्त सापडले, तर धुलाईत कसूर झाली असे समजावे.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००४ साली सुचवलेली त्याची मर्यादा ५० पीपीएम, म्हणजे ०.००५ टक्के आहे. आता ९९.९ टक्के शुद्धता पाहा. उरलेला ०.१ टक्का म्हणजे १,००० पीपीएम. त्यात ५० पीपीएमची मर्यादा वीस वेळा मावते. त्यामुळे हा आकडा कितीही झळाळता असला, तरी डायसायनडायअमाइडबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफीने पावडरमधले घटक वेगळे करून आलेखावर क्रिएटिनच्या उंच शिखराजवळचे छोटेसे शिखर स्वतंत्रपणे मोजावे लागते. अहवालात "आढळले नाही" असे लिहिले असेल, तर यंत्राला किमान किती पीपीएम दिसू शकते, हेही तिथे लिहिलेले हवे.

तिसरी ओळ अधिक फसवी आहे. "जड धातू १० पीपीएमपेक्षा कमी" ही भाषा जुन्या सल्फाइड चाचणीची आहे, ज्यात नमुन्याला आलेला काळपट रंग शिशाच्या प्रमाणित द्रावणाशी डोळ्यांनी ताडून पाहत. औषधांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकन फार्माकोपियाने ही चाचणी २०१८ पासून वगळली. समजा, त्या १० पीपीएममधला सगळा भाग शिसे असेल, तर रोजच्या ५ ग्रॅम पावडरमधून ५० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाईल. तोंडावाटे घेण्याच्या औषधांसाठी शिशाची दैनिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून शिसे, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा यांचे चार वेगळे आकडे हवेत. नमुना नायट्रिक आम्लात पूर्ण विरघळवून धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर ते मिळतात.

इथे अतिशयोक्ती टाळायला हवी. इटलीच्या बाजारातील ३३ नमुन्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत या चार धातूंपैकी फक्त पारा आढळला आणि तोही १ पीपीएमपेक्षा कमी. सुमारे निम्मे नमुने मात्र सेंद्रिय अशुद्धींपैकी एखादीत तरी मर्यादा ओलांडून गेले होते आणि त्यात सर्वांत पुढे होते क्रिएटिनिन.

क्रिएटिनिनबद्दल आपल्याकडे एक सबब हमखास ऐकायला मिळते : "नागपूरचा उन्हाळा आहे साहेब, माल उतरतोच." पाण्यात कालवून ठेवलेल्या क्रिएटिनचे हळूहळू क्रिएटिनिन होते हे खरे, पण कोरडी पावडर चिवट असते. ४० अंश तापमानात तीन वर्षांहून अधिक काळ ठेवूनही ती बिघडली नसल्याची नोंद आहे. त्यामुळे कोरड्या, बंद पाऊचमध्ये क्रिएटिनिन जास्त निघाले, तर दोष मे महिन्याच्या माथी न मारता उत्पादनाकडे पाहावे.

त्या तरुणाने विक्रेत्याकडे पुन्हा विचारणा केली : डायसायनडायअमाइड आणि क्रिएटिनिन पीपीएममध्ये, चार धातू स्वतंत्रपणे, आणि प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल. चार दिवसांनी अहवाल आला. सगळे आकडे होते आणि सगळे मर्यादेत होते. मी त्याला पाऊच उलटा करून मागे छापलेला बॅच क्रमांक वाचायला सांगितला. तो अहवालावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता.