अर्ध्या आंब्याच्या किती पेट्या?

नमस्कार बालमित्रांनो, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या आजी-आजोबांनो. आजचा विषय आहे चित्रालेख, म्हणजे आकडे चित्रांनी दाखवायची रीत. चित्र दाखवता येत नाही अशा रेडिओवर चित्रालेख शिकवायचा, म्हणजे माझी पंचाईतच! म्हणून चित्र आज तुम्हीच काढायचं. पटकन एक कागद आणि पेन्सिल घेऊन या.

आलात? ऐका तर. आमच्या ठाण्यात एप्रिल उजाडला की नाक्यानाक्यावर हापूसचे स्टॉल लागतात. वाशीच्या फळबाजारातून पेट्या भरून टेम्पो येतात आणि फूटपाथवर गवताचा ढीग पडतो. माझ्या चौथीच्या वर्गासाठी मी असाच एक स्टॉल फळ्यावर मांडला. आकडे माझ्या मनाचे, पण आंबे अगदी रसाळ काढले होते.

कागदावर एकाखाली एक वार लिहा, सोमवार ते शुक्रवार. आता प्रत्येक वारापुढे आंबे काढा. सोमवारपुढे 3. मंगळवारपुढे 2 पूर्ण आणि शेवटी एक अर्धा कापलेला. बुधवारपुढे 4. गुरुवारपुढे 1 पूर्ण आणि एक अर्धा. शुक्रवारपुढे 5 पूर्ण आणि एक अर्धा. सगळे आंबे एकाच मापाचे काढा हं, कुठे रायवळ, कुठे हापूस असं नको. एखादा आंबा मोठा काढलात, तर ओळ उगाच लांब दिसेल आणि डोळे फसतील.

आता चित्राच्या खाली कोपऱ्यात लिहा, प्रमाण : 1 आंबा = 4 पेट्या. परीक्षेत बरीच मुलं नेमकी ही ओळ सोडून थेट आंबे मोजायला लागतात. मी वर्गात हाताने प्रमाण झाकते आणि विचारते, "सांगा, सोमवारी किती पेट्या विकल्या?" वर्ग ओरडतो, "तीन!" मग हात काढते. क्षणभर शांतता, आणि मागून हळूच आवाज येतो, "बाई, बारा." बरोबर. 3 आंबे, प्रत्येक आंब्याच्या 4 पेट्या, तीन चोक बारा.

आता मंगळवार. दोन आंबे आणि अर्धा. वर्गाला सांगितलं, उत्तर वहीत लिहा, बोलायचं नाही. वह्या गोळा केल्या तर एकाच ओळीची चार उत्तरं निघाली. अडीच, बारा, साडेआठ आणि दहा.

अडीच लिहिणाऱ्याने चित्रं मोजली आणि प्रमाण विसरला. त्याने आंबे सांगितले, प्रश्न मात्र पेट्यांचा होता. बारा लिहिणाऱ्याला प्रमाण आठवलं, पण अर्धा आंबा त्याने पूर्ण धरला. मग मंगळवार आणि सोमवार सारखेच झाले की! दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघितल्या असत्या, तर चूक त्याची त्यालाच दिसली असती.

साडेआठ हे उत्तर मला सगळ्यांत आवडलं. चूक आहे, पण विचार करून केलेली. ती मुलगी म्हणाली, "बाई, दोन आंब्यांच्या आठ पेट्या, आणि अर्ध्या आंब्याची अर्धी पेटी." तिला मी विचारलं, "पूर्ण आंब्याची एक पेटी आहे का गं?" "नाही, चार." "मग अर्ध्याच्या?" ती थांबली, बोटं मोडली आणि म्हणाली, "चारच्या निम्म्या. दोन!" झालं. आठ आणि दोन, दहा. चित्र अर्धं झालं की त्याच्यामागे जी संख्या उभी आहे तिचं निम्मं करायचं. प्रमाण 10 असेल तर अर्ध्याचे 5, प्रमाण 100 असेल तर अर्ध्याचे 50. आंबा उभा कापलाय की आडवा, डावी फोड दाखवली की उजवी, त्याने काही फरक पडत नाही.

आजोबांना आता हसू आलं असेल. त्यांच्या लहानपणी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. ज्याला अडीचकी पाठ, तो अडीच आंबे बघून थेट दहा म्हणतो. तुम्ही आधी पूर्ण आंबे गुणा, मग अर्ध्याचं मिळवा. उत्तर तेच येतं.

गुरुवार आणि शुक्रवार तुम्ही करा बरं. मी थांबते.

गुरुवारी 4 आणि 2, म्हणजे 6 पेट्या. शुक्रवारी पाच चोक वीस आणि वर 2, म्हणजे 22. आता आठवड्याची बेरीज. एक रस्ता सरळ आहे : 12, 10, 16, 6 आणि 22 मिळवा, 66 होतात. दुसरा रस्ता चित्रातूनच जातो. पूर्ण आंबे मोजा, 15 आहेत, त्यांच्या 60 पेट्या. अर्धे आंबे 3, त्यांच्या 6. पुन्हा 66. दोन रस्त्यांनी एकाच घरी पोचलात, तर उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग मी वर्गाला म्हटलं, शनिवारी 11 पेट्या गेल्या, काढा बघू. दोन आंब्यांत 8 झाल्या, उरल्या 3. अर्धा आंबा काढला तर 2 होतात, पूर्ण काढला तर 4. तीन कुठेच बसत नाही. एका मुलाने पाऊण आंबा काढला, म्हणजे एका कडेला चावा घेतलेला. त्याचं गणित बरोबर होतं, चारच्या पाऊणपट तीनच. पण ते चित्र मी दुसऱ्या बाकावर दिलं, तर तिथल्या एकाने 10 वाचलं आणि एकाने 12. काढणाऱ्याच्या मनातला पाऊण बघणाऱ्याच्या डोळ्यांना कळला नाही. अर्धा ओळखू येतो, पाऊण येईलच असं नाही.

म्हणून चित्रालेख काढायच्या आधी आकडे बघून प्रमाण ठरवायचं. आधीचे पाचही आकडे सम होते, म्हणून 4 चं प्रमाण चाललं, कारण अर्ध्याच्या 2 होतात. 11 आल्यावर ते बिघडलं. 5 चं प्रमाण घेतलं तर अर्ध्याच्या अडीच पेट्या, म्हणजे पुन्हा अडचण. 2 चं घेतलं तर अर्ध्याची 1 पेटी, आणि मग कुठलाही पूर्ण आकडा बसतो. 11 साठी पाच आंबे आणि अर्धा. फक्त शुक्रवारच्या 22 ला अकरा आंबे काढावे लागतात. आमच्या वहीत ते मावले, शेवटचे दोन मात्र समासात गेले.

आता तुमच्या कागदावरचं 4 खोडा आणि तिथे 10 लिहा. चित्राला हात लावू नका. मंगळवारी किती झाल्या? पंचवीस! आंबे तेवढेच आहेत, पण स्टॉलवाल्याचा धंदा अडीचपट वाढला.

तास संपताना ती साडेआठवाली मुलगी पुन्हा उभी राहिली. "बाई, एखाद्याने खरंच अर्धी पेटी घेतली तर?" प्रमाण 4 पेट्यांचं. अर्धी पेटी म्हणजे आंब्याचा आठवा भाग. आम्ही फळ्यावर काढून बघितला. त्याची इतकी बारीक चीर निघाली, की सगळ्यांना ती आंब्याची साल वाटली.