पट्टीच्या आधी तिच्या आजूबाजूला पाहा

संशोधन-लेखातलं चित्र खरं की उचलून चिकटवलेलं, हे तपासताना सुरुवात बहुधा वेस्टर्न ब्लॉटपासून होते. या चाचणीत नमुन्यातली प्रथिनं जेल नावाच्या जेलीसारख्या थरात वेगळी होतात आणि पट्ट्यांच्या रूपात दिसतात. तिचं चित्र समोर आलं की नजर काळ्या पट्ट्यांवर जाते. मी सांगेन, आधी त्यांच्या आजूबाजूला पाहा. पट्ट्या बहुधा एकमेकींसारख्याच दिसतात. पण कडेचा धूसरपणा, एका टोकाची वर वळलेली शेपटी, मागच्या करड्या भागातले धुळीचे ठिपके हे पुन्हा जसेच्या तसे उमटत नाहीत. एकच नमुना शेजारशेजारच्या दोन लेनमध्ये, म्हणजे जेलच्या उभ्या रकान्यांत भरला, तरीही नाही.

म्हणून चित्र मोठं करून कॉन्ट्रास्ट वाढवायचा, म्हणजे पुसट पार्श्वभूमी वर येते. मग संशयित पट्टी आडवी उलटून आणि १८० अंशांत फिरवूनही पाहायची, कारण उचललेली पट्टी पुष्कळदा फिरवूनच चिकटवलेली असते. नुसता आकार जुळला तर मी गप्प बसते. आकार, कड आणि दोन-तीन ठिपके एकाच अंतरावर जुळले, तर मात्र प्रश्न विचारायलाच हवा.

जपानमधलं 'स्टॅप' पेशींचं प्रकरण इथे फार शिकवतं. जानेवारी २०१४मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात रिकेन या संशोधन संस्थेतल्या हारुको ओबोकाता यांचे दोन लेख आले. साध्या पेशींना आम्लाचा ताण दिला की त्या मूलपेशींसारख्या, म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या पेशींत बदलू शकणाऱ्या होतात, असा त्यांचा दावा होता. जेलच्या एका चित्रात तिसऱ्या लेनच्या दोन्ही कडांना पार्श्वभूमी एकदम तुटलेली दिसत होती, दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावावं तशी. रिकेनच्या चौकशीत ती लेन दुसऱ्या जेलमधून आणून बसवल्याचं निघालं.

मला त्याहून गंभीर वाटतात ती टेराटोमाची, म्हणजे अशा पेशींपासून वाढणाऱ्या गाठीची, सूक्ष्मदर्शक चित्रं. ती ओबोकातांच्या २०११च्या पीएच.डी. प्रबंधातली होती, आणि तिथल्या पेशी आम्लातून नव्हे, तर बारीक काचनळीतून ओढून ताण दिलेल्या होत्या. म्हणजे चित्र खरं, त्याखालचा मजकूर खोटा. असली चूक एकट्या लेखात कितीही डोळे ताणले तरी सापडत नाही. जुनं लेखन शेजारी ठेवावं लागतं. दोन्ही लेख जुलै २०१४मध्ये मागे घेतले गेले.

पेशींच्या चित्रांत आणखी एक प्रकार आढळतो. एकाच काचपट्टीचे थोडे सरकवून दोन फोटो घेतात. एकावर 'औषधाशिवाय' लिहितात, दुसऱ्यावर 'औषधासह'. पहिल्याच्या उजव्या काठावरच्या पेशी दुसऱ्याच्या डाव्या काठावर दिसतात. म्हणून काठ आधी तपासावेत.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये २०,६२१ लेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही मुख्यतः डोळ्यांनी पाहून. सुमारे ३.८ टक्के लेखांत आक्षेपार्ह चित्रं निघाली. त्यांतल्या निदान निम्म्यांत मुद्दाम फेरफार केल्याची लक्षणं होती. उरलेल्यांत फाइलींची गल्लतही असू शकते. छापलेल्या चित्रावरून हेतू कळत नाही, आणि चित्र फार दाबून साठवलेलं असेल तर ठिपकेही पुसले जातात. तेव्हा लेखकाकडे न कापलेला मूळ ब्लॉट आणि सूक्ष्मदर्शकाची मूळ फाइल मागायची. मूळ ब्लॉटमध्ये संपूर्ण चित्र आणि प्रथिनांचं वजन दाखवणारी लेन असते, मूळ फाइलीत सहसा चित्र घेतल्याची वेळही असते.