टचपॅड क्लिक होईना झालं तर आधी बॅटरीकडं बघा

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत लॅपटॉप रिपेअरिंग करतो, आज जरा फुगलेल्या बॅटरीबद्दल बोलूया, कारण मागच्या उन्हाळ्यात कळंब्याच्या एक शिक्षिका आल्या होत्या आणि म्हणाल्या, "दादा, टचपॅड क्लिक होत नाही, बदलून द्या." त्यांनी आधी दुसरीकडं दाखवलं होतं, तिथल्या माणसानं तळाचे स्क्रू आवळून दिले होते, आणि नेमकं तेच करायचं नसतं.

मी लॅपटॉप बंद करून सपाट काउंटरवर ठेवला आणि कोपऱ्यावर हळूच बोट टेकवलं, तर डुगडुगायला लागला. ही परीक्षा घरी कडप्प्याच्या ओट्यावर पण होते, फक्त बोट टेकवायचं, दाबायचं नाही. बाजूनं टॉर्च मारून बघितलं तर तळाच्या झाकणाची फट एका बाजूला उघडलेली. टचपॅडच्या खालीच बहुतेक वेळा बॅटरी असते, ती फुगली की खालून रेटा देते, मग क्लिक जाम होतं, कधी टचपॅड वर येतं, कधी कीबोर्ड मध्ये उचलतो, झाकण नीट मिटत नाही. आणि गंमत म्हणजे एवढं होऊन पण त्यांचा लॅपटॉप दीड-दोन तास चालत होता, म्हणून कुणाला संशयच आला नाही. बॅकअप चांगला आहे म्हणजे बॅटरी चांगली, असं नसतं हो.

आतल्या आत होतं काय, तर आजकालच्या पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरीचे सेल म्हणजे चंदेरी फॉइलच्या सीलबंद पिशव्या असतात. बॅटरी जुनी झाली, किंवा रात्रंदिवस चार्जर लावून शंभर टक्क्यांवर आणि वर गरम राहिली, की आतलं रसायन हळूहळू फुटतं आणि गॅस तयार होतो, तो बाहेर जाऊ शकत नाही म्हणून पिशवी फुगते. थंड झाल्यावर परत बसेल असं काही जण म्हणतात, तसं होत नाही. आणि फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवू नका (ठेवणारे भेटलेत मला!).

धोका खरा कुठं आहे सांगतो. सेलमध्ये दोन बाजू वेगळ्या ठेवणारा पडदा असतो, केसापेक्षा पातळ. स्क्रू आवळले, वर दाबलं, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं, की तो पडदा फाटू शकतो, दोन्ही बाजू आतच शॉर्ट होतात, एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो आणि मग ते थांबवता येत नाही. आतलं द्रव पेट घेणारं, धूर विषारी. फुगलेली पुरी आपण बोटानं फोडतो, हितं सुई लावायची नाही म्हणजे नाही.

मॅडमची नवीन बॅटरी यायला पाच दिवस लागणार होते. त्यांचं पहिलं वाक्य, "दहावीचे मार्क आहेत आत, तेवढे कॉपी करून घेते घरी जाऊन." म्हटलं नको, चार्जर लावू नका आणि चालू पण करू नका, डेटा बॅटरीत नसतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क वेगळी निघते, त्यांची पण निघाली, दुसऱ्या मशीनला लावून मार्क काढून दिले.

बॅटरी मी दुकानातच काढली, आधी कनेक्टर सोडवला, मग स्क्रू, आणि कनेक्टरवर टेप लावली. घरी हे करत बसू नका, खास करून बॅटरी चिकटवलेली असेल तर. जुन्या मॉडेलला मागं खटका दाबून बॅटरी निघते, ती सहज निघत असेल तर काढा, अडकली तर जोर लावू नका, तशीच घेऊन या.

आणि दुकान लगेच गाठता येत नसेल तर लॅपटॉप शटडाऊन करून फरशीवर ठेवा, ऊन नको, गॅस शेगडी, पडदे, गादी, पुस्तकं लांब. कपाटात किंवा बॅगेत कोंबू नका, वर काही ठेवू नका, आणि जिथं झोपता त्या खोलीत तर नकोच. गोडसर, नेलपेंट रिमूव्हरसारखा वास आला, फुस्स आवाज झाला किंवा तो आपोआप गरम लागला, तर उचलायला जाऊ नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि 101 लावा.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका हो, कचरा दाबताना तिथंच पेटते. सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडंच द्या, कुरिअरनं पाठवू नका.

पाचव्या दिवशी नवीन बॅटरी बसवली, सेटिंगमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबायचं ऑप्शन होतं ते चालू केलं. मॅडमनी टचपॅड दाबून बघितलं, टक्क आवाज आला. बदलायला आणलेलं ते टचपॅड तसंच चांगलं होतं, त्याचे पैसे वाचले.