दीड रेशो आणि गल्ल्यात रुपया नाही

मंडळी, विषय रेशोंचा आहे, पण आधी ३० मार्चची रात्र सांगतो, नाहीतर रेशो कळणार नाही. मी बिस्किटांचा वितरक. कंपनीचा साहेब आला, "काका, टार्गेट चार लाखांनी अडलंय, एवढं बिल घ्याच." मी भिडस्त माणूस. रात्री दहाला ट्रक. गोडाऊन भरलं, म्हणून उरलेली खोकी घरच्या ओसरीत रचली. बायको म्हणाली, "देवघर तेवढं सोडा." मग आपला सोलापूरचा एप्रिल! क्रीम वितळून बिस्किटं एकमेकांना चिकटली. नुकसानीचा क्लेम अजून 'प्रोसेसमध्ये' आहे. (हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांचे आहेत.)

बँकेत मात्र कौतुक. माल ३० लाख, उधारी ४२, क्लेम ५, रोख १, म्हणजे चालू मालमत्ता ७८ लाख. सीसी ४०, कंपनीचं देणं १०, किरकोळ २, म्हणजे चालू देणी ५२. भागिले की करंट रेशो १.५. बँका जुन्या टंडन समितीच्या हिशेबाने १.३३ बघतात, म्हणून मॅनेजर खूश. मी मात्र दुसऱ्या दिवशीच्या तीन लाखांच्या आरटीजीएससाठी मेव्हण्याला फोन करत होतो.

कारण वितळलेलं बिस्किट आणि बुडीत उधारी दोन्ही वरच्या आकड्यात निवांत बसलेली असतात. माल वगळला की क्विक रेशो: ४८ भागिले ५२, ०.९२. तोही फसवा. माझ्या उधारीतले १२ लाख नव्वद दिवसांपुढचे, बहुतेक तालुक्यातल्या दुकानांचे. ते आणि ५ लाखांचे क्लेम काढा, उरतात ३१. रेशो ०.६. मेव्हण्याला फोन का केला, ते इथे दिसतं. म्हणून उधारीची वयवार यादी हातात असल्याशिवाय क्विक रेशो काढूच नका.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिली म्हणे. तर ज्यासाठी बोलावलंत ते कॅश सायकल, म्हणजे मालात घातलेला पैसा किती दिवसांनी परत हाती येतो ते, भरभर सांगतो. खरेदीच्या भावाने माझा रोज एक लाखाचा माल खपतो, म्हणून ३० लाखांचा माल तीस दिवसांचा. रोजची विक्री १.०५ लाख, म्हणून ४२ लाखांची उधारी चाळीस दिवसांची. कंपनी देते दहा दिवस. तीस अधिक चाळीस वजा दहा, साठ दिवस. माल आणि उधारीला वापरलेल्या भावांची सरमिसळ करू नका. मालाला खरेदीचा भाव, उधारीला विक्रीचा.

या साठ दिवसांत अडकलेत ६२ लाख. त्यातले ४० बँकेचे, बाकी माझे. उधारी दहा दिवसांनी कमी केली तर साडेदहा लाख सुटतात, तेवढी सीसी खाली येते. उलट, सायकल तशीच ठेवून धंदा दहा टक्क्यांनी वाढवलात तर आणखी सहा लाख शोधावे लागतील.

आणि हो, ३१ मार्चचा स्टॉक धरू नका. त्यात ओसरीतली खोकी आहेत. बारा महिनाअखेरींची सरासरी घ्या.