तक्त्यातले गुण आणि उत्तरपत्रिकेतले गुण

शिक्षकमित्रहो,

साहित्याची प्रश्नपत्रिका काढायला बसलो की आपण आधी संविधान तक्ता आखतो. उभ्या रकान्यांत स्मरण, आकलन, विश्लेषण आणि सर्जनशील लेखन, आडव्या ओळींत गद्य, पद्य, स्थूलवाचन. बेरीज जुळली की भारांश न्याय्य झाला, असे आपल्याला वाटते. मी आज मांडणार आहे ते एवढेच, की तक्त्यातली ही बेरीज म्हणजे केवळ आपला इरादा असतो आणि तो प्रत्यक्षात उतरला की नाही, हे प्रश्नाच्या शब्दांवर, गुणदान योजनेवर आणि शेवटी पडलेल्या गुणांच्या अंतरावर ठरते.

आपण ८० गुणांची, ३ तासांची प्रश्नपत्रिका समोर धरू. स्मरणाला १२, आकलनाला २४, विश्लेषणाला २४ आणि सर्जनशील लेखनाला २० गुण, असा तक्ता मी घेतो. वेळेचा हिशेब तिथेच करून टाकावा, कारण विश्लेषणाचा एक गुण स्मरणाच्या एका गुणापेक्षा कितीतरी जास्त वेळ खातो. स्मरणाला साधारण १२ मिनिटे, आकलनाला ३६, विश्लेषणाला ६० आणि लेखनाला ४५ मिनिटे धरली, तर १५३ मिनिटे होतात. उरलेली २७ मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला आणि उत्तरे तपासून पाहायला लागतात. हा हिशेब न करता विश्लेषणाचे आणखी दोन प्रश्न घातले, तर संथपणे विचार करून लिहिणारा विद्यार्थी शेवटच्या लेखनप्रश्नापर्यंत पोहोचतच नाही, आणि त्याचे लेखन कच्चे आहे असा चुकीचा निष्कर्ष आपण काढतो.

आता एका प्रश्नाकडे जवळून पाहू. समजा, पाठ्यपुस्तकात एक कथा आहे. तिच्यातली आई तीन वेळा खिडकी बंद करते: पहिल्यांदा पावसामुळे, दुसऱ्यांदा रस्त्यावरच्या गोंगाटामुळे, आणि तिसऱ्यांदा का, ते लेखकाने सांगितलेले नाही; फक्त त्या वेळी मुलगी सामान बांधत असते, एवढेच आपल्याला कळते. ‘आईने दुसऱ्यांदा खिडकी का बंद केली?’ हा प्रश्न स्मरणाचा. ‘मुलगी सामान बांधत असताना आई तिच्याकडे पाठ करून का उभी राहते, ते तुमच्या शब्दांत लिहा’ हा आकलनाचा. ‘पहिल्या दोन वेळा कारण देणारा लेखक तिसऱ्या वेळी कारण देत नाही, या रचनेमुळे आईविषयीचे तुमचे मत कसे बदलते, ते कथेतील दोन जागांच्या आधारे स्पष्ट करा’ हा विश्लेषणाचा.

मात्र वर्गात शिकवताना मी स्वतःच ‘तिसरी खिडकी म्हणजे आईचे दाबून ठेवलेले दुःख’ असे सांगितले असेल आणि वह्यांमध्ये ते उतरले असेल, तर तोच तिसरा प्रश्न त्या वर्गापुरता स्मरणाचा होतो. मला हे एकदा गठ्ठा तपासताना फार तीव्रतेने जाणवले. विश्लेषणाच्या म्हणून काढलेल्या प्रश्नाच्या उत्तरांत एकामागून एक ‘दाबून ठेवलेले दुःख’ हेच तीन शब्द येत होते; पुढचा-मागचा आधार कुणी दिला नव्हता आणि मी मात्र सहापैकी पाच गुण देत चाललो होतो. तक्त्यात विश्लेषणाला ३० टक्के भारांश होता, पण त्यातला मोठा भाग मी पाठांतराला वाटला होता. मुलांनी काही चुकीचे केले नव्हते. दोष प्रश्नाचा होता आणि त्याहून अधिक गुणदान योजनेचा.

म्हणून विश्लेषणाचे निम्मे तरी गुण अपठित उताऱ्यावर किंवा अपठित कवितेवर ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. उरलेले पठित पाठावर ठेवायचे, तर वर्गात चर्चिला न गेलेला संबंध विचारावा आणि लागणारा उतारा प्रश्नपत्रिकेतच छापावा. मग आठवणीचा भार उतरतो आणि वाचनाची खरी कसोटी लागते. गुणदान योजना प्रश्नासोबतच लिहावी. खिडकीच्या सहा गुणांच्या प्रश्नासाठी मी अशी विभागणी करतो: स्वतःचे मत स्पष्ट मांडल्याबद्दल १, कथेतल्या दोन नेमक्या जागा दाखवल्याबद्दल २, त्या जागा आणि मत यांतला दुवा उलगडून दाखवल्याबद्दल २, आणि मांडणीबद्दल १. या योजनेत ‘दाबून ठेवलेले दुःख’ एवढेच लिहिणाऱ्याला दोनापेक्षा जास्त गुण मिळू शकत नाहीत. उलट ‘आई चिडली आहे’ असे वेगळे मत आधारासह मांडणाऱ्याला पूर्ण गुण मिळू शकतात.

पर्यायी प्रश्नांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘किंवा’च्या दोन्ही बाजू एकाच पातळीच्या असाव्यात. एकीकडे व्यक्तिचित्रण आणि दुसरीकडे रचनेचे विश्लेषण ठेवले, तर बहुतेक जण ओळखीच्या वाटेने जातात आणि तक्ता तिथेच मोडतो.

आता सर्जनशील लेखनाकडे येतो, कारण सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी लक्षात येणारा अन्याय तिथे होतो. लेखनाचे मूल्य कसे ठरवावे याची खात्री नसल्यामुळे परीक्षक मधले गुण देतात. वीसपैकी जवळजवळ सगळ्यांना १२ ते १४. आता या वर्गात स्मरणाच्या १२ गुणांत कुणाला ३ आणि कुणाला १२ मिळाले असतील, तर विद्यार्थ्यांमधला फरक स्मरणाने ९ गुणांनी पाडला आणि लेखनाने अवघ्या दोन गुणांनी. छापलेला भारांश लेखनाच्या बाजूने असूनही क्रमवारी पाठांतराने ठरवली. एखाद्या विभागाचे प्रत्यक्ष वजन त्याच्या कमाल गुणांइतकेच त्या गुणांच्या पसरटपणावर अवलंबून असते, हे आपल्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे लेखनाचा विषय मोकळा न सोडता त्याला अट घालणे. ‘पाऊस या विषयावर लिहा’ याऐवजी ‘तिसऱ्यांदा खिडकी बंद होते तो प्रसंग मुलीच्या नजरेतून १५० शब्दांत लिहा, आईच्या तोंडी एकही वाक्य नको’ असे विचारावे. अट असली की तपासायला धरण्याजोगे काही मिळते: दहा गुणांपैकी मुलीचा दृष्टिकोन शेवटपर्यंत टिकला का याला ३, मूळ कथेशी सुसंगतीला २, प्रसंगाच्या बांधणीला २, भाषेच्या नेमकेपणाला ३. शुद्धलेखनाचे गुण व्याकरणाच्या प्रश्नात स्वतंत्र असतील, तर ते इथे पुन्हा कापू नयेत. नाहीतर एकाच उणिवेची शिक्षा दोनदा होते, आणि ज्या मुलांच्या घरची बोली प्रमाणभाषेहून वेगळी आहे त्यांना ती सर्वाधिक बसते.

तपासणी सुरू करण्यापूर्वी सर्व परीक्षकांनी त्याच पाच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासून गुण समोरासमोर ठेवावेत. लेखनाच्या एकाच उत्तराला एकाने ४ आणि दुसऱ्याने ८ दिले असतील, तर निकषाचे शब्द धूसर आहेत. ते तिथेच दुरुस्त करावेत आणि पाचही उत्तरपत्रिका नव्याने तपासाव्यात. गठ्ठा संपल्यावर प्रत्येक विभागातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण त्याच संविधान तक्त्यात, मूळ भारांशाच्या शेजारी, पेन्सिलीने लिहून ठेवावेत. पुढची प्रश्नपत्रिका काढताना मी आधी ते पेन्सिलीचे आकडे वाचतो.